मंगलाष्टके, मोबाइल आणि एका विनंतीची भाषा

लग्नात वधूच्या मामाला एक जागा मिळते, जिथून बाकी कुणाला दिसत नाही ते त्याला दिसते. मंगलाष्टके चालू असताना तो भाचीच्या पाठीशी उभा असतो. समोर अंतरपाट, त्यापलीकडे नवरदेव, नवरदेवाच्या मागे त्याचा मामा आणि त्यांच्याभोवती वरपक्षाची जवळची माणसे. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट बाजूला होतो आणि वधूला जे पहिल्यांदा दिसते, जवळजवळ तेच मामाला दिसते.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या भाचीच्या लग्नात मी तिथे उभा होतो. अंतरपाट निघाला तेव्हा नवरदेवाच्या दोन्ही खांद्यांवरून, डोक्यावरून आणि काखेखालूनही मोबाइल पुढे आलेले होते. मी मोजले नाहीत, पण त्यांच्यामागे एकही पूर्ण चेहरा दिसत नव्हता, हे पक्के आठवते. भाची नंतर म्हणाली, “मामा, मला हा दिसला, पण त्याच्या घरचं कुणीच दिसलं नाही.” त्या दिवशी ती ज्या घरात चालली होती, त्या घराची पहिली भेट तिला मोबाइलच्या पाठीकडून झाली.

लग्नपत्रिका जमवायचा मला जुना नाद आहे. त्यांतील मजकुराची भाषा कशी बदलत गेली, हे पाहत बसणे हा माझा अभ्यास. गेल्या काही वर्षांत पत्रिकांच्या तळाशी आणि त्याहून जास्त मोबाइलवर येणाऱ्या निमंत्रणांत एक नवी ओळ दिसू लागली आहे. विधीच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवा, वधूवर पडद्यांआड हरवू देऊ नका, अशा आशयाची. धाकट्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा अशी ओळ लिहायचे काम माझ्याकडेच आले. त्या निमित्ताने या ओळींकडे मी मजकूर म्हणून नीट पाहिले. त्यांचा हेतू चांगला असूनही त्यांतल्या बहुतेक फसतात, असे माझे मत झाले. त्या का फसतात, हे इथे मांडतो.

ही कल्पना इंग्रजीतून आली हे उघड आहे. तिकडे अशा लग्नाला ‘अनप्लग्ड’ म्हणतात. हा शब्द लोकप्रिय केला तो एमटीव्ही वाहिनीवर १९८९ साली सुरू झालेल्या, विजेच्या गिटारी बाजूला ठेवून गाण्याच्या कार्यक्रमाने. पुढे तो मोबाइलविरहित अशा कोणत्याही गोष्टीला चिकटला. २०१५ साली एका ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने आपण टिपलेले एक छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले. त्यात पाहुणे मोबाइल घेऊन मधल्या वाटेत वाकले आहेत आणि चालत येणारी नवरी दिसावी म्हणून नवरदेवाला बाजूला झुकावे लागते आहे. ते छायाचित्र जगभर फिरले आणि अशा विनंत्यांना एक ठोस कारण मिळाले.

तिकडच्या मजकुरामागची जागा मात्र लक्षात घ्यायला हवी. पाहुणे रांगेत बसलेले असतात, मध्ये चालायची वाट असते, विधी अर्ध्या तासाच्या आसपास आटपतो. तोवर सगळे शांत बसतील, अशी अपेक्षाच असते. दारात फलक लावता येतो, लग्न लावणारा सुरुवातीला दोन वाक्ये बोलतो आणि काम होते. आपल्याकडे यातले काहीच नाही. अक्षतेच्या वेळी माणसे उभी असतात, जवळची माणसे मंचावर चढलेली असतात आणि ‘विधी’ म्हणाल तर सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत कित्येक तास चालतो. त्यामुळे ती ओळ मराठीत आणताना शब्द बदलून भागत नाही. ती कुणाला, कुणी आणि किती वेळासाठी सांगायची, हेच नव्याने ठरवावे लागते.

आता मराठीत आढळणारे तीन नमुने पाहू. पहिला सर्वांत जास्त दिसणारा: ‘कृपया लग्नविधीदरम्यान मोबाइलचा वापर टाळावा.’ थोडा जास्त कडक असेल तर ‘करू नये’. हे वाक्य कुठून आले, हे पत्रिका वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘कृपया आहेर आणू नये’ या वाक्याचा साचा जसाच्या तसा उचलला आहे. पण दोन्ही वाक्यांचे काम उलटे आहे. आहेर आणू नका म्हणताना यजमान पाहुण्याच्या डोक्यावरचा भार उतरवतो. पुढे बहुधा ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असेही जोडतो, म्हणजे घेण्याऐवजी मान देतो. म्हणून त्या ‘नये’चा कुणाला राग येत नाही. मोबाइलच्या ओळीत यजमान पाहुण्याकडून काही काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही. साचा तोच राहिला, त्यातला मान मात्र गळाला. उरली ती कार्यालयातल्या पाटीची भाषा: येथे थुंकू नये, चपला बाहेर काढाव्यात. शिवाय ‘लग्नविधीदरम्यान’ म्हणजे नेमके केव्हा? जो पाहुणा खरोखर पाळायला जाईल, त्याला सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत मोबाइल काढता येणार नाही. हे अशक्य आहे, हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून तो ती ओळ पूर्णच सोडून देतो.

दुसरा नमुना तरुण मंडळींचा: ‘आमचे लग्न अनप्लग्ड आहे. क्षण टिपू नका, क्षण जगा.’ हा थेट इंग्रजी विचार आहे. ऐकायला बरा वाटतो, पण निमंत्रण म्हणून त्यात एक अवघडलेपण आहे. पाहुण्याने काय करावे हे यजमान सांगू शकतो. त्याला काय वाटावे, हे कसे सांगणार? पंच्याहत्तरीच्या आजोबांना ‘क्षण जगा’ असा आज्ञार्थ पाठवणे म्हणजे त्यांना आजवर जगता येत नव्हते, असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय मोबाइल उंचावणारा माणूस क्षण जगत नाही, हे गृहीतही तपासायला हवे. गुडघ्यांमुळे घरी राहिलेल्या आईला दाखवायचे म्हणून जी मुलगी चित्रीकरण करते, तिचे लक्ष त्या लग्नात कमी नसते. ते दोन जागी असते, इतकेच.

तिसरा नमुना अधिक व्यवहारी: ‘छायाचित्रणासाठी व्यावसायिक छायाचित्रकारांची व्यवस्था केली आहे. कृपया मोबाइलने फोटो काढू नयेत.’ इथे खरे कारण बाहेर पडते. म्हणणे पडद्यांविरुद्ध नाही. दुसऱ्यांच्या पडद्यांविरुद्ध आहे. आमच्या महागड्या फोटोत तुमचे हात नकोत. हे कारण चुकीचे नाही, पण ते ‘वधूवर हरवू नयेत’ या भावनेच्या मागे लपवले की वाचणाऱ्याला तो दुटप्पीपणा वाटतो. आणि प्रत्यक्षात काय होते? मंचाच्या ऐन पुढे दोन छायाचित्रकार, एक चित्रीकरणवाला आणि दिव्याचा खांब धरून उभा असलेला मुलगा. सभागृहात खुर्चीवर बसलेल्या माणसाला लग्न दिसत नाही ते मुख्यतः या चौघांच्या पाठींमुळे. त्याने मोबाइल खिशात ठेवला तरी त्याला काहीच दिसणार नाही. उलट हात उंच करून मोबाइल धरला तर पडद्यावर थोडे तरी दिसेल. म्हणजे मोबाइल वर जाण्याचे एक कारण यजमानानेच निर्माण केलेले असते.

या तिन्ही ओळींत ‘हरवणे’ कुणाचे, हे स्पष्ट नाही. मागे बसलेल्याला वधूवर दिसत नाहीत, ही एक तक्रार. वधूला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, ही दुसरी. फोटो बिघडतात, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी मंचापुढची जागा मोकळी करायला हवी, तिसऱ्यासाठी छायाचित्रकाराला चांगला कोन द्यायला हवा. फक्त दुसऱ्या तक्रारीला पाहुण्यांशी बोलावे लागते. माझ्या भाचीची तक्रार ती दुसरी होती.

आणि तिथेच मला या मजकुरातली सर्वांत मोठी गफलत सापडली. वधूच्या नजरेसमोर मोबाइल धरणारी माणसे कोण? ती खालच्या खुर्च्यांवरचे परिचित, कार्यालयातले सहकारी, शेजारी नव्हेत. ती मंचावर चढलेली सख्खी माणसे: नवरदेवाच्या आत्या, मावश्या, चुलतभाऊ, वहिनी. पत्रिका मात्र लिहिलेली असते लांबच्यांसाठी. घरच्यांना ती मिळते ती देवापुढे ठेवण्यापुरती. मजकूर ती वाचत नाहीत, कारण तारीख-वार त्यांनीच ठरवलेला असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ओळ लिहायची ते ती वाचत नाहीत आणि जे वाचतात त्यांच्या मोबाइलने वधूला फारसा अडथळा होत नाही.

मग अशी विनंती मराठीत करायची तरी कशी? इथे मला दोन जुन्या गोष्टींचा आधार मिळाला. पहिली विधीतच आहे. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी येणारा ‘सावधान’ हा शब्द म्हणजे स-अवधान, लक्षासहित. तो शब्द ऐकून रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका आपल्याला पाठ आहे. पण ते ‘सावधान’ ऐकून बाकीचे काय करतात, हे आपण विसरतो. ते अक्षता टाकतात. म्हणजे या विधीने लक्ष द्या एवढेच सांगितलेले नाही, लक्ष दिल्याची खूण म्हणून हाताला एक कामही दिले आहे. उजव्या मुठीत अक्षता, दर कडव्याच्या शेवटी ती मूठ थोडी सैल. ज्याचा उजवा हात मोबाइलने अडला आहे, त्याने अक्षता टाकायच्या कशा? तो डाव्या हाताने भिरकावतो, नाहीतर शेवटी एकदम सगळ्या फेकतो. मोबाइलने अडते ते आधी हे.

दुसरा आधार ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभाचा. तिथे ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. त्या मागणीची रचना पाहण्यासारखी आहे. आधी मागणी, लगेच श्रोत्याला त्यातून काय मिळेल याचे आश्वासन, आणि त्यापाठोपाठ खुलासा, की हे मी मोठेपणाने म्हणत नाही. तुम्ही सर्व जाणते आहात, तुमच्यापुढे ही माझी सलगीची विनवणी आहे. वयाने लहान असलेल्याने जाणत्यांच्या सभेत लक्ष मागायचे कसे, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. ‘सलगी’ हा त्यातला कळीचा शब्द. अधिकार नव्हे, नियम नव्हे. लाडक्या माणसाने हक्काने केलेला हट्ट.

गंमत अशी, की आपल्या लग्नपत्रिकेत सलगीची एक राखीव जागा आधीपासून आहे. वरचा सगळा मजकूर वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो: आमचे येथे श्रीकृपेकरून, वगैरे. पण तळाशी घरातली चिल्लीपिल्ली बोलतात: ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ पत्रिकेतली बोलीभाषेतली ही बहुधा एकमेव ओळ. तिच्यात आज्ञार्थ असूनही ती कुणाला खुपत नाही, कारण बोलणारा लहान आहे आणि सलगीने बोलतो आहे. मोबाइलची ओळ वडिलांच्या तोंडी ‘टीप’ म्हणून घालण्याऐवजी इथे आणावी आणि वधूवरांच्या तोंडी घालावी, असे मला वाटले.

धाकट्या भाचीच्या पत्रिकेत अखेर जी ओळ गेली ती अशी होती:

‘मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून आम्ही एकमेकांना हार घालेपर्यंत तुमचे मोबाइल खिशात किंवा पर्समध्ये ठेवाल ना? तेवढी दहा मिनिटं हातात अक्षता असू द्या. अंतरपाट निघाल्यावर आम्हाला तुमचे चेहरे बघायचे आहेत. हार घालून झाले की हवे तेवढे फोटो काढा, आम्ही हसत उभे राहू.’

ही ओळ फार सुंदर आहे असे नाही. पण तिच्यात वेळेची सुरुवात आणि शेवट दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या घटनांनी बांधले आहेत, घड्याळाने नव्हे. मोबाइल कुठे ठेवायचा ते सांगितले आहे, आणि रिकाम्या झालेल्या हाताला काम दिले आहे. कारण एकच दिले आहे आणि ते खरे आहे. काढून घेतलेली गोष्ट परत कधी मिळेल, हेही सांगितले आहे. ‘ठेवाल ना’ हा प्रश्न आहे; त्याला ‘नाही’ म्हणता येते, आणि म्हणूनच ‘हो’ म्हणायला सोपे जाते.

नवरदेवाच्या वडिलांना ती पटली नव्हती. ते म्हणाले, “मामा, आपण माणसांना बोलावतोय. बोलावणं म्हटल्यावर अट कशी घालायची?” हा आक्षेप मी हलका मानत नाही. मानपानाची चेष्टा करणे सोपे आहे, पण पाहुण्याला संकोच वाटू नये ही त्यामागची काळजी खरी आहे. त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट पुढे आली. २०२० साली त्यांच्या पुतण्याचे लग्न झाले तेव्हा पन्नास माणसांची मर्यादा होती. सख्ख्या मावशीने लग्न पाहिले ते मोबाइलवर. “तेव्हा त्या मोबाइलनेच लाज राखली आमची,” ते म्हणाले. आता त्यांची मुलगी परदेशात होती आणि येऊ शकणार नव्हती. तिला मंगलाष्टके दिसायला नकोत का?

या प्रश्नाला माझ्या ओळीत उत्तर नव्हते. मोबाइल बाजूला ठेवा म्हणणारा मजकूर फक्त हजर असलेल्यांचा विचार करतो. येऊ न शकलेले त्यातून नकळत वगळले जातात. मग शब्दांऐवजी व्यवस्था बदलली. एक मोबाइल मंचाच्या कडेला तिकाटण्यावर, वधूवरांच्या नजरेच्या रेषेबाहेर लावला आणि नवरदेवाची बहीण त्यावर जोडली गेली. भाचीच्या एका मैत्रिणीकडे त्या दहा मिनिटांचे फोटो काढायचे काम दिले, ते संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकायचे या बोलीवर. हे महत्त्वाचे होते. छायाचित्रकाराचे फोटो हाती यायला कित्येक आठवडे लागतात आणि पाहुण्याला ते त्याच दिवशी हवे असतात. छायाचित्रकारांना मंचापुढून हलवून दोन्ही कडांना उभे केले. त्यांनी थोडी कुरकुर केली.

मंचावरच्या मंडळींचा प्रश्न पत्रिकेने सुटणार नव्हता, हे आधीच कळले होते. तो सुटला केळवणात. जवळच्या प्रत्येक घरी वधूवर जेवायला जातातच. भाचीने आणि होणाऱ्या जावयाने तिथे जेवताना स्वतः सांगितले, आत्याला, मावशीला, वहिनीला. पत्रिकेतली ओळ लांबच्यांसाठी राहिली आणि तोंडी ओळ जवळच्यांसाठी. लग्नाच्या दिवशी अक्षता वाटणाऱ्या मुली मूठभर अक्षता देताना “मोबाइल आत ठेवा हं, हार घातले की काढा” एवढेच म्हणत होत्या. आणि अंतरपाट धरण्यापूर्वी गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून एकदा आठवण केली.

सगळे जमले असे नाही. उशिरा आलेले पाच-सहा जण दारातूनच मोबाइल उंचावून पुढे आले. त्यांना कुणी काही सांगितले नाही, आणि सांगू नये असेच ठरले होते. पाहुण्याला भर मांडवात टोकणे हे त्या मोबाइलपेक्षा वाईट दिसते. नवरदेवाच्या एका काकांनी तिसऱ्या मंगलाष्टकाला मोबाइल काढला, शेजारच्या वहिनींनी नुसते पाहिले आणि तो परत आत गेला. हार घालून झाल्याक्षणी मात्र शंभर हात एकदम वर गेले. पुढच्या कन्यादानात आणि सप्तपदीत मोबाइल होतेच. ती दहा मिनिटे वाचवली, बाकीची नाहीत. माझ्या मते यापेक्षा जास्त मागायलाही नको. कित्येक तासांच्या लग्नात पाळता येईल एवढीच विनंती करावी. जास्त मागितले की थोडेही मिळत नाही.

ओळीत एक लबाडी राहिली होती, ती मला मंचावर उभा असतानाच जाणवली. ‘आम्हाला तुमचे चेहरे बघायचे आहेत’ असे आम्ही लिहिले. प्रत्यक्षात भाचीने बराच वेळ मान खालीच ठेवली होती. अंतरपाट निघाल्यावर तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, हे साहजिकच. मग तिची नजर त्याच्या खांद्यामागे गेली. तिथे सासूबाई होत्या. त्यांच्या एका हातात रुमाल होता, दुसऱ्या मुठीत टाकायच्या राहिलेल्या अक्षता. दोघींची नजरानजर झाली. सासूबाईंनी त्या अक्षता तेव्हा टाकल्या, सगळ्यांच्या नंतर.

मी भाचीच्या पाठीमागून ते पाहिले. त्याचा फोटो कुणाकडेच नाही.